ट्रॅक्टरनं खाल्लेलं वाक्य परत कसं बसवायचं

गळीत हंगामात कोल्हापूरच्या आसपासच्या गावात शूटिंग केलेल्या कुठल्याही साऊंडवाल्याला विचारा, उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज त्याला पाठ असतो. आधी लांबून स्पीकरवरचं गाणं येतं, मग इंजिनाची घरघर, मग दोन ट्रॉल्यांचा खडखडाट, आणि सगळं निघून गेल्यावरही अर्धा मिनिट ते गाणं हवेत राहतं. शूटिंग थांबवून वाट बघावी तर मागं दुसरा ट्रॅक्टर असतोच, आणि तोवर सोप्यात आलेलं ऊन सरकतं.

करवीर तालुक्यातल्या एका गावात आमच्या लघुपटात हेच झालं. जुन्या घराचा सोपा, एक बाजू अंगणाकडं उघडी, तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तक्तपोशी, खाली सारवलेली जमीन. लेक पाटावर बसून सुपात तांदूळ निवडतेय आणि मान वर न करता बापाला सांगते, "बाबा, मी पैसं कवाच परत देऊन आलो." अभिनय त्या एकाच टेकमध्ये नेमका लागला, आणि त्याच टेकमध्ये बाहेरून ट्रॅक्टर गेला. हे एक वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून असं बसवायचं होतं, की ते तिच्याच तोंडून त्याच सोप्यात निघालंय असं वाटावं. ते कसं बसवलं तेच इथं सांगतो. पूर्ण चित्रपटाचं डबिंग म्हणजे हीच पद्धत शेकडो वेळा.

डबिंगच्या आधी हे बघा

पहिल्यांदा बाकीचे टेक ऐका. दिग्दर्शकानं चौथ्या टेकचं चित्र निवडलं असलं तरी दुसऱ्या टेकमधलं तेच वाक्य स्वच्छ असू शकतं. एकाच नटानं, एकाच जागी, दहा मिनिटांच्या अंतरानं बोललेल्या वाक्यांची लय बरीच सारखी असते. ते उचलून चित्राखाली ठेवलं आणि दोन-तीन ठिकाणी किंचित सरकवलं, की पुष्कळदा काम होतं. खोली तीच, माईक तोच, आवाजातला ताणही तोच, त्यामुळं निम्मी डोकेदुखी तिथंच संपते.

दुसरा उपाय सेटवरच करायचा. टेक खराब झालाय हे हेडफोनमध्ये कळलं, की कॅमेरा बंद झाल्याबरोबर नटाला जागेवरून उठू न देता तेच वाक्य चार-पाच वेळा नुसत्या आवाजासाठी बोलायला लावा. आपल्याकडं याला वाईल्ड ट्रॅक म्हणतात. त्याला दोन मिनिटं लागतात, नंतरचे दोन दिवस वाचतात. त्या दिवशी आम्ही हे केलं नाही, कारण पुढच्या शॉटसाठी ऊन निघून चाललं होतं. साऊंडवाल्यानं तिथं अडून बसायला हवं होतं, आणि साऊंडवाला मी होतो.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायच्या. एक म्हणजे खोलीची शांतता: सगळे स्तब्ध, निदान एक मिनिट, माईक वाक्याच्या वेळी होता तिथंच. दुसरी म्हणजे नटाच्या तोंडाच्या जागी फोडलेला फुगा किंवा जोरात वाजवलेली क्लॅप, हीसुद्धा बूम म्हणजे माईकची लांब काठी त्याच जागी धरून आणि रेकॉर्डिंगची पातळी बरीच खाली आणून, नाहीतर आवाज फाटतो. ही दुसरी गोष्ट कशाला, ते पुढं येईलच. सुदैवानं एवढं तरी आमच्याकडं होतं.

वाक्य कानानं नव्हे, ओठांनी वाचा

रेकॉर्डिंगच्या आधी टेक आवाज बंद करून बघा, एकेक फ्रेम पुढं सरकवत. प्रेक्षक सगळी अक्षरं ओठांवर वाचत नाही. त्याच्या नजरेला ओठ मिटतात ती अक्षरं दिसतात, म्हणजे प, फ, ब, भ, म. त्यानंतर खालचा ओठ दातांना लागतो तो व, आणि ओठ गोल होतात ते उ आणि ओ. त, द, न, ल, क, ग, च यांचं काम तोंडाच्या आत चालतं, तिथं दोन फ्रेम इकडंतिकडं झाल्या तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. (मराठीत बोलताना आपण फ बऱ्याचदा ओठ दातांना लावूनही म्हणतो. तो नट कसा म्हणतो ते त्याच्या तोंडाकडं बघूनच ठरवा.)

आमचं वाक्य २५ फ्रेम प्रति सेकंद या वेगात साधारण ६६ फ्रेमचं, म्हणजे अडीच सेकंदांहून थोडं जास्त होतं. त्यात ओठ पाच वेळा मिटतात. मी वहीत असं लिहून काढलं:

```
बा   बा   मी   पै   वा   प    लो
०    ८    २५   ३०   ३९   ४६   ६१
```

खालचे आकडे म्हणजे वाक्य सुरू झाल्यापासूनच्या फ्रेम. "बाबा" नंतर जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा थांबा आहे आणि त्या थांब्यात तिची बोटं सुपात फिरताहेत. हा सात खुणांचा नकाशा हातात असला, की रेकॉर्डिंगच्या वेळी टेक जमला का नाही हे अंदाजानं सांगावं लागत नाही.

इथं आमच्या भागातली एक खोच सांगितली पाहिजे. कोल्हापूरकडच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात. आमची अभिनेत्री बाहेरच्या शहरात वाढलेली. सेटवर गावातल्या बायकांचं ऐकून ती सहज "आलो" म्हणाली होती. दोन महिन्यांनी डबिंगला आली तेव्हा तो कान पुसट झाला होता आणि पहिले सहा टेक "देऊन आले" असे झाले. ऐकायला काही चूक नव्हती, पण पडद्यावर वाक्याच्या शेवटी ओठ गोल होत होते आणि आवाज पसरलेल्या ओठांचा येत होता. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, "डबिंग वाटतंय" एवढंच तो म्हणतो. म्हणून छापील संहितेवरून डबिंग करू नका. टेकमध्ये जे प्रत्यक्ष बोललं गेलं ते अक्षर न् अक्षर उतरवा, "न्हाई"चं "नाही" करू नका, आणि तोच कागद नटासमोर ठेवा.

खोली आणि माईक

डबिंगच्या खोलीकडून एकच अपेक्षा असते, तिनं स्वतःचा आवाज त्यात मिसळू नये. गुंज नंतर घालता येते, पण एकदा मिसळलेली गुंज नीट काढता येत नाही. स्टुडिओ परवडत नसेल तर घरातली मोठ्यात मोठी खोली घ्या, लहान नव्हे. कपड्यांचं कपाट किंवा छोटी कोठी वरवर मुकी वाटते, पण तिथं आवाजाचा खालचा भाग, साधारण २०० ते ४०० हर्ट्झचा, भिंतींमध्ये साठतो आणि वाक्य पेटीतून बोलल्यासारखं येतं. मोठ्या खोलीत, कोपरा टाळून, नटाच्या मागं आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड वाकळी किंवा गाद्या भिंतीपासून वीतभर सोडून टांगा. खाली सतरंजी हवी, आणि वरून एक वाकळ तंबूसारखी ताणली तर फारच बरं, कारण छताची उसळी लोक हमखास विसरतात. पंखा आणि फ्रिज बंद करा. टाळी वाजवून बघा, टाळीच्या मागं काहीच रेंगाळलं नाही की खोली तयार.

माईक सेटवर होता तोच घ्या. आमच्या बाबतीत तो बूमवरचा शॉटगन, म्हणजे समोरचंच जास्त ऐकणारा लांब नळीचा माईक होता, तिच्या डोक्याच्या पुढं आणि वर, अडीच फुटांवर, छातीच्या दिशेनं कललेला. डबिंगमध्ये अगदी तीच जागा दिली. इथं बहुतेक जण चुकतात: स्टुडिओत जाड गोल जाळीचा गायनाचा माईक असतो आणि नटाला त्याच्या वीतभर अंतरावर उभं करतात. एवढ्या जवळून दिशात्मक माईक आवाजाचा खालचा भाग फुगवतो आणि ओठांची, थुंकीची, श्वासाची बारीक कुरबुर पकडतो. बघणाऱ्याला तीन मीटरवर बसलेली बाई दिसते आणि ऐकू येते ती कानात बोलणारी. हे अंतर नंतर इक्वलायझरनं पुरतं भरून निघत नाही. दुसरा माईक लावायचाच तर सेटवरच्यासारखाच कॉलर माईक पदराखाली लावा आणि वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

शॉटगनची एक अडचण आहे. उसळ्या असलेल्या खोलीत त्याची नळी नीट काम करत नाही आणि आवाज पोकळ होतो. वाकळी लावूनही पोकळपणा जात नसेल तर नळी नसलेला लहान हायपरकार्डिऑइड माईक बरा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा, सर्वांत मोठ्या शब्दाला मीटर उणे १२ डीबीच्या आसपास जाऊ द्या. आवाजाचा चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर, नॉइज काढणारं काही, यातलं काहीही रेकॉर्डिंगच्या वाटेत नको.

नटाला बोलतं करणं

नट येण्याआधी पडदा तपासा. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी ते थोडं थांबवून दाखवतो, आणि नट त्या उशिरा आलेल्या चित्राबरोबर बोलतो. मग सगळेच टेक सारख्या फरकानं उशिरा येतात आणि बिचाऱ्या नटाला वाटतं आपलंच चुकतंय. क्लॅपचा शॉट चालवा, पडदा आणि स्पीकर दोन्ही फोनच्या कॅमेऱ्यात टिपा आणि ती चित्रफीत सावकाश बघा. फळी मिटण्याआधी टाळी ऐकू आली, तर पडदा तेवढा मागं आहे. टीव्हीत गेम मोड असेल तर चालू करा, नसेल तर साधा संगणकाचा मॉनिटर वापरा. ब्लूटूथ हेडफोन तर चालतच नाहीत.

वाक्याच्या आधी तीन बीप लावा, एकेका सेकंदाच्या अंतरानं, प्रत्येक एका फ्रेमएवढी छोटी. चौथी बीप जिथं वाजली असती, तिथं वाक्याचा पहिला आवाज. २५ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये बीप वाक्याच्या ७५, ५० आणि २५ फ्रेम आधी येतात. इथं एक बारकावा आहे: वाक्याच्या आधी श्वास ऐकू येत असेल तर चौथी जागा त्या श्वासाला द्यायची, शब्दाला नव्हे. नट श्वास घेऊन सुरू झाला, की पुढचं वाक्य आपोआप जागेवर पडतं.

सवय नसलेल्या नटाला चित्र बघून बोलायला लगेच लावू नका. तो ओठ गाठायच्या नादात अभिनय विसरतो. आधी नुसतं ऐकून बोलायचं: हेडफोनमध्ये मूळ वाक्य एकदा वाजतं, मग तेवढीच मोकळी जागा येते, त्यात तो बोलतो, परत वाक्य, परत जागा. आठ-दहा फेऱ्यांत लय अंगात मुरते. त्यानंतर चित्र लावा. आम्हाला शेवटी जो टेक मिळाला तो अशाच ऐकून बोलण्याच्या नवव्या फेरीतला होता. पडदा बघून केलेले टेक ओठांवर जास्त नेमके होते, पण त्यात बाप नव्हता.

आता या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, स्वर वर जातो, अक्षरं ताणली जातात. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली याची नोंद केली आणि त्याच्याच नावानं तो परिणाम ओळखला जातो. आमची लेक ट्रॅक्टरवरून बोलली होती. पडद्यावर तिच्या गळ्याची शीर किंचित ताणलेली दिसते, हनुवटी जास्त उघडते. वाकळींच्या शांत खोलीत ती तेच वाक्य सहज हळू बोलली, आणि सगळ्या फ्रेम जुळूनही आवाज त्या गळ्याचा वाटेना. दिग्दर्शक "थोडं मोठ्यानं" म्हणाले की ती ओरडल्यासारखं करायची, कारण सांगितलं म्हणून आवाज मोठा करणं आणि गोंगाटावरून बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उपाय साधा निघाला. टेकमधलाच ट्रॅक्टरचा आवाज तिच्या दोन्ही कानांत सोडला, सेटवर होता तेवढ्याच जोरात. मागच्या बाजूनं बंद असलेले हेडफोन घेतले म्हणजे तो माईकमध्ये शिरत नाही. पुढच्याच टेकला तिचा गळा आपोआप पडद्यावरच्या गळ्याएवढा उघडला.

शरीरही तसंच हवं. ती पाटावर वाकून बसली होती, तर डबिंगलाही पाट ठेवला आणि हातात सूप दिलं. पोट दुमडलेल्या माणसाचा श्वास तोकडा असतो आणि उभं राहून तो तसा येत नाही. सुपात तांदूळ मात्र नव्हते, त्यांचा आवाज वेगळा घ्यायचा होता. मान खाली आहे तर खालीच ठेवा, मग पडदा दिसेल असा जमिनीजवळ ठेवावा लागला तरी चालेल.

टेकांना नावं नीट द्या, `SC07_L03_T09.wav` यासारखी: दृश्य, वाक्य, टेक. सलग पंधरापेक्षा जास्त टेक घेऊ नका. दुसऱ्या वाक्यावर जा आणि परत या.

फ्रेमवर बसवणं

मूळ खराब ट्रॅक टाइमलाइनवर ठेवा, त्याच्या खाली नवा टेक. ब आणि प लाटेच्या चित्रात ओळखू येतात: आधी क्षणभर रिकामी जागा, मग उभा फटका. तो फटका म्हणजे ओठ उघडण्याचा क्षण. मूळ ट्रॅकमधला फटका आणि नव्यातला फटका एका रेषेत आणा. ट्रॅक्टरमुळं मूळ लाट दिसत नसेल, आमची निम्मी तशीच होती, तर चित्रावर भिस्त ठेवा: ओठ मिटलेली शेवटची फ्रेम शोधा, त्याच्या पुढच्या फ्रेमवर फटका. म मध्ये फटका नसतो, ओठ मिटलेले असतानाच नाकातून आवाज सुरू होतो. म्हणून म चा आवाज ओठ उघडण्याच्या दोन-तीन फ्रेम आधीपासून ऐकू यायला हवा. म ला ब सारखं बसवलं तर ते उशिरा वाटतं.

आमच्या नवव्या टेकमध्ये "बाबा" जागेवर होतं, थांबा पाच फ्रेम लहान, "मी पैसं" त्यामुळं लवकर, आणि "परत"पासून पुढं तीन फ्रेम लवकर. पहिला काप थांब्यात, तिथं काहीच अडचण नाही. दुसरा काप "परत"च्या प आधीच्या त्या क्षणभर रिकाम्या जागेत. अक्षराच्या पोटात कधी कापू नका, मिटलेल्या ओठांच्या शांततेत कापा, तो काप कुणालाही ऐकू येत नाही. "कवाच" तेवढा ताणलेला निघाला, तो सुमारे ४ टक्के आवळला. माझा अनुभव असा, की ५ टक्क्यांपर्यंत ताणणं-आवळणं खपून जातं आणि १० टक्क्यांच्या पुढं स्वर पाण्याखालून आल्यासारखे होतात. तेवढं करावं लागत असेल तर टेक चुकीचा निवडलाय.

शंका असेल तर आवाज किंचित मागं ठेवा, पुढं नको. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नोंद आहे, की आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढं गेला तरी लोकांच्या लक्षात येतं, उलट मागं पडलेला सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. निसर्गात आवाज नेहमी दृश्यानंतरच पोहोचतो, शेताच्या पलीकडं कुऱ्हाड पडलेली आधी दिसते. आपली एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे एक फ्रेम पुढं गेलं की आपण काठावर असतो. मागं मात्र दोन फ्रेमची मोकळीक मिळते. चेहरा पडदाभर असला तर ही मोकळीक घेऊ नका.

सोपा परत उभा करणं

ओठ जुळले तरी आवाज अजून वाकळींच्या खोलीत असतो. तो सोप्यात न्यायला तीन गोष्टी लागतात आणि त्या याच क्रमानं करायच्या: आवाजाचा रंग, मग भिंती, मग तळाची शांतता.

रंगासाठी त्याच दृश्यातलं तिचं स्वच्छ मूळ वाक्य शोधा. एकाच स्पीकरवर, मोनोमध्ये, ते वाक्य आणि नवं वाक्य आलटून पालटून ऐका. दोन्हींचा जोर कानाला सारखा करून घ्या, नाहीतर मोठं तेच चांगलं वाटतं. माईक आणि अंतर बरोबर असेल तर करायला थोडंच उरतं. आम्ही ९० हर्ट्झच्या खालचं काढलं, कारण सेटवर तसंच काढलं होतं, आणि २५० हर्ट्झच्या आसपास २ डीबी कमी केलं. इक्वलायझरमध्ये ६-७ डीबी फिरवावं लागत असेल, तर अंतरच चुकलंय असं समजा आणि परत रेकॉर्ड करा.

भिंतींसाठी तो फुगा कामाला येतो. फुगा फुटल्यावर भिंती, तक्तपोशी, जमीन यांच्याकडून जे जे परत आलं ते सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब नावाचं साधन ती छाप कुठल्याही आवाजावर उमटवतं. रीपर या साऊंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी `ReaVerb` आहे, त्यात फाइल म्हणून फुग्याचं रेकॉर्डिंग घालायचं. आधी त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची रिकामी जागा फटक्यापर्यंत कापा, नाहीतर सगळं वाक्य तेवढं उशिरा जाईल. शेवटही शांततेत विरला की कापून टाका, नाहीतर बाहेरच्या कावळ्याचा आवाजसुद्धा वाक्याच्या प्रत्येक अक्षराला चिकटतो. रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवून शून्यापासून हळूहळू वाढवा. ती ऐकू यायला लागली की थोडी मागं घ्या. मग बंद करून बघा: बंद केल्यावर बाई सोप्यातून उठून गेल्यासारखी वाटली पाहिजे.

फुगा नसेल तर टेकच्या सुरुवातीची क्लॅप बघा. तिच्यात खालचे सूर कमी असतात म्हणून छाप अपुरी उमटते, पण गुंज किती वेळ टिकते ते तिच्यावरून मोजता येतं. आमच्या सोप्यात ती अर्ध्या सेकंदाच्याही आत विरत होती. एक बाजू उघडी, आणि सारवलेली जमीन उसळी फार देत नाही. मग साध्या रिव्हर्बमध्ये लहान खोली निवडा, कालावधी तेवढाच ठेवा आणि शेपटीपेक्षा सुरुवातीच्या उसळ्यांना वाव द्या. नवशिके नेमकं उलटं करतात, त्यांचा सोपा देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमतो. आणि जमत असेल तर सर्वांत सरळ वाट धरा: हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये, पहाटे त्याच घरी जाऊन त्याच पाटावर वाक्य रेकॉर्ड करा. रिव्हर्ब लागणारच नाही. मे अखेरपासून मात्र किडे आणि पाऊस सुरू होतो, आणि वाट परत बंद.

शेवटी तळ. मूळ ट्रॅक त्या वाक्यापुरता बंद केला, की तिच्या आवाजाबरोबर सोप्याची शांतताही गेली, आणि सुपातल्या तांदळाचा आवाजही. शांततेसाठी त्याच दिवशी घेतलेली एक मिनिटाची रूम टोन वाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेकंद पुढं नेऊन हळूहळू मिसळा. तीन सेकंदांचा तुकडा फिरवत बसू नका, त्यातली एक चिमणी दर तीन सेकंदांनी बोलते आणि प्रेक्षक तिलाच ऐकत राहतो. तांदूळ आम्ही नंतर त्याच अडीच फुटांवरून, बोटं पडद्यावरच्या बोटांबरोबर हलवत रेकॉर्ड केले. "बाबा" नंतरच्या थांब्यात ते दाणे ऐकू आले आणि वाक्य एकदम तिथलं वाटायला लागलं. मला वाटतं, ओठांच्या सगळ्या मेहनतीपेक्षा त्या अर्ध्या सेकंदाच्या तांदळानं जास्त काम केलं.

एक गोष्ट उरलीच होती. तिचं वाक्य स्वच्छ झालं, पण त्याच्या आधी बापाच्या वाक्यावर ट्रॅक्टर येत होता आणि नंतरच्या शॉटमध्ये त्याची शेपटी होती. मधेच तीन सेकंद ट्रॅक्टर गायब होणं हे खराब वाक्यापेक्षाही वाईट. इथं दोनच मार्ग आहेत. एकतर ट्रॅक्टर सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचं सगळं बदला, किंवा ट्रॅक्टर ठेवा. आम्ही ठेवला. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला जाऊन एक ट्रॅक्टर येण्यापासून जाण्यापर्यंत रेकॉर्ड केला, दोघांच्या वाक्यांखाली सलग अंथरला, वरचे सूर थोडे कापले म्हणजे तो भिंतीपलीकडचा वाटेल, आणि शब्द बुडणार नाहीत एवढा खाली ठेवला. गाडीवरचं गाणं मात्र आलं नाही याची काळजी घेतली, नाहीतर त्याच्या हक्कांचा प्रश्न उभा राहतो. यानं आणखी एक फायदा झाला: तिचा ताणलेला गळा आता कशावरून ताणलाय हे प्रेक्षकाला ऐकू येतं.

बसलंय का, हे कसं कळतं

आधी डोळे मिटून सलग तीन वाक्यं ऐका, मधलं नवं. उठून दिसलं तर दोष रंगात किंवा भिंतीत आहे. मग आवाज नेहमीसारखा ठेवून फक्त तिच्या तोंडाकडं बघा. खटकलं तर वहीतल्या सात खुणांपैकी कुठली सुटली ते शोधा, बहुतेक वेळा शेवटची सुटलेली असते. मोठ्या स्पीकरवर आणि फोनवर दोन्हीकडं ऐका, फोनवर जास्तीची रिव्हर्ब लगेच उघडी पडते. आणि शेवटी ज्यानं हे दृश्य कधी बघितलं नाही अशा माणसाला दाखवा, पण डबिंग केलंय हे सांगू नका. विचारायचं ते गोष्टीबद्दल विचारा.

काही वाक्यं मात्र या वाटेला नेऊ नयेत. नट रडत बोलतोय, दोघं एकमेकांवर बोलताहेत, शब्द हुंदक्यात तुटताहेत, अशा ठिकाणी मूळ आवाज घाणेरडा असला तरी तोच ठेवा आणि जमेल तेवढा साफ करा. आमच्याच लघुपटात शेवटी बाप दारात उभा राहून दोन शब्द बोलतो, आणि लांब कुठंतरी गिरणीचा पट्टा फडफडतोय. तो मी तसाच ठेवला.